सहकाऱ्याच्या दीर्घ रजेची शिफारस: डायरेक्टरना ईमेल कसा लिहावा

चार-पाच दिवसांची रजा टीम लीड स्वतःच मंजूर करतात. तीच रजा आठ-दहा आठवड्यांची झाली की बहुतेक ठिकाणी डायरेक्टरची मंजुरी लागते. डायरेक्टर त्या सहकाऱ्याला फार तर नावाने ओळखतात. त्यांनी सहकाऱ्याचं रोजचं काम पाहिलेलं नसतं आणि घरची अडचणही त्यांना ठाऊक नसते. त्यांच्यासमोर असतो तो फक्त तुमचा ईमेल. त्यावरून त्यांना तीन गोष्टी समजून घ्यायच्या असतात: या काळात काम कोण करणार, काय मागे पडणार आणि ते मागे पडलेलं चालेल का. कारण कितीही खरं आणि गंभीर असलं, तरी या तीन प्रश्नांची उत्तरं सापडली नाहीत तर 'यावर एकदा बोलू या' असं उत्तर येतं आणि निर्णय लांबतो. इकडे सहकाऱ्याला शस्त्रक्रियेची तारीख पक्की करायची असते किंवा प्रवासाची तिकिटं काढायची असतात.

अशा ईमेलमध्ये सगळ्यात जास्त चुकणारं वाक्य म्हणजे 'त्यांच्या रजेमुळे कामावर काहीही परिणाम होणार नाही.' दहा आठवडे एक अनुभवी माणूस नाही आणि काहीच अडत नाही, हे डायरेक्टरना पटत नाही. पटलंच तर त्याहून वाईट, कारण मग त्या माणसाची टीमला गरज आहे का, असा प्रश्न उभा राहतो. जी शिफारस नेमकं काय मागे पडेल ते सांगते आणि त्याची तोड सुचवते, तिच्यावर विश्वास बसतो. त्यामुळे ईमेल लिहिण्याआधीची तयारी हाच यातला मोठा भाग आहे.

पुढची सगळी चर्चा एका कल्पित प्रसंगाच्या आधाराने केली आहे. सॉफ्टवेअर टीममध्ये टीम लीड सोडून सहा इंजिनिअर आहेत. त्यातल्या मेघना ग्राहकांचं मासिक बिलिंग सांभाळतात. त्यांच्या कुटुंबातल्या एका व्यक्तीची शस्त्रक्रिया ठरली आहे आणि त्यांना 1 जून 2026 पासून दहा आठवड्यांची रजा हवी आहे. टीम लीडना हे एप्रिलच्या सुरुवातीला कळलं आहे.

आधी सहकाऱ्याशी नीट बोलून घ्या

या बोलण्यातून पहिल्यांदा तारखा पक्क्या करा. 'जून-जुलै' किंवा 'साधारण अडीच महिने' यावर शिफारस करता येत नाही. रजेचा पहिला दिवस, शेवटचा दिवस आणि कामावर रुजू होण्याचा दिवस, हे तिन्ही वारासकट लिहून घ्या. रजेचा शेवटचा दिवस आणि रुजू होण्याचा दिवस यांची हमखास गल्लत होते. एकजण '10 ऑगस्टपर्यंत रजा' म्हणतो, दुसरा '10 ऑगस्टला हजर' असं समजतो. मेघना यांच्या बाबतीत रजा सोमवार, 1 जून ते शुक्रवार, 7 ऑगस्ट आणि रुजू होणं सोमवार, 10 ऑगस्टला.

दुसरं विचारायचं ते तारीख हलवता येते का. डायरेक्टर हा प्रश्न हमखास विचारतात आणि त्याचं उत्तर कारणापेक्षाही उपयोगी ठरतं. शस्त्रक्रियेची तारीख डॉक्टरांनी दिलेली असेल तर ती हलत नाही. स्वतःच्या अभ्यासासाठी किंवा लांबच्या प्रवासासाठी रजा हवी असेल तर ती कदाचित तीन आठवडे पुढे जाऊ शकते, आणि तेवढ्यानेही एखादं महत्त्वाचं रिलीज वाचू शकतं. अर्थात जी तारीख हलू शकते तिला अढळ म्हणू नका. पुढे ते उघड झालं तर सहकाऱ्याच्या पुढच्या प्रत्येक अर्जाकडे संशयाने पाहिलं जातं.

तिसरी गोष्ट नाजूक आहे: कारणातलं काय डायरेक्टरना सांगायचं आणि काय नाही. तुमच्याशी विश्वासाने बोलताना सहकारी आजाराचं नाव, रुग्णाशी नातं, पैशांची ओढाताण असं सगळं सांगून जातो. ते तुमच्यापाशीच राहिलं पाहिजे. ईमेलमधलं कारणाचं वाक्य तुम्ही लिहा, सहकाऱ्याला दाखवा आणि 'एवढंच आणि याच शब्दांत कळवतो, चालेल ना?' असं स्पष्ट विचारा. कारण लिहिणारच नाही, असं सहकाऱ्याने म्हटलं तर 'वैयक्तिक कारण, तपशील एचआरकडे दिला आहे' एवढं लिहूनही शिफारस करता येते. मात्र तसं असेल तर कामाची व्यवस्था आणखी भक्कम मांडावी लागते.

याच बैठकीत मुदतवाढीचंही बोला. शुश्रूषा लांबली तर कधीपर्यंत कळवाल? मेघना यांच्याशी 24 जुलै ही तारीख ठरते, म्हणजे रजा संपण्याच्या दोन आठवडे आधीचा शुक्रवार. ही तारीख ठरलेली नसली की सहकारी संकोचाने शेवटच्या दिवसापर्यंत गप्प राहतो आणि सोमवारी सकाळी फोन येतो.

मंजुरीचं आश्वासन मात्र इथे देऊ नका. 'मी शिफारस करणार आहे, निर्णय डायरेक्टरांचा आहे, आणि या तारखेपर्यंत तो मिळवायचा माझा प्रयत्न आहे' इतकंच सांगा. तोवर परत न मिळणारे पैसे भरू नयेत, हेही सांगितलेलं बरं.

एचआरकडून काय तपासून घ्यायचं

हे काम अर्ध्या तासाचं आहे, पण ते ईमेल पाठवायच्या आधी व्हायला हवं. रजेचे दिवस कसे मोजतात आणि मधले शनिवार-रविवार व सार्वजनिक सुट्ट्या धरतात की वगळतात, ते विचारा. शिल्लक रजा किती, उरलेले दिवस बिनपगारी होतील का, आणि बिनपगारी काळात विम्यावर किंवा पगारवाढीच्या मोजणीवर काही परिणाम होतो का, हेही विचारून घ्या. विम्याचं उत्तर डायरेक्टरांना लागत नाही, पण सहकाऱ्याला ते अर्ज करण्याआधी कळायला हवं.

आपल्या उदाहरणात मधले शनिवार-रविवार सोडून कामाचे 50 दिवस होतात. शिल्लक अर्जित रजा 22 दिवसांची आहे आणि ती 30 जूनला संपते. 1 जुलै ते 7 ऑगस्ट हे उरलेले 28 दिवस बिनपगारी. हा हिशेब ईमेलमध्ये एका वाक्यात येतो, पण तो चुकला तर पगारपत्रकात घोळ होतो आणि मंजुरी पुन्हा मागावी लागते.

आणखी एक प्रश्न इथेच सोडवून घ्या: ही रजा कायद्याने किंवा कंपनीच्या नियमाने हक्काची आहे का? प्रसूतीची रजा अनेक देशांत हक्काची असते आणि काही ठिकाणी कुटुंबातल्या रुग्णाच्या शुश्रूषेची रजाही तशीच असते. तसं असेल तर ईमेलचा सूरच बदलतो. हक्काच्या रजेसाठी 'मंजूर करावी अशी शिफारस' करायची नसते. रजा कधीपासून कधीपर्यंत आहे ते कळवायचं आणि कामाच्या व्यवस्थेला संमती मागायची. हक्काच्या गोष्टीसाठी मेहेरबानी मागणारा ईमेल लिहिला, तर नकार देता येतो असं वाचणाऱ्याला वाटतं आणि कंपनी अडचणीत येते.

कामाची यादी: दिसणारं आणि न दिसणारं

सहकाऱ्याला 'तुझ्याकडे काय काय आहे ते लिहून दे' म्हटलं की मोठ्या कामांची यादी येते. अडतं ते न लिहिलेल्या बारीक कामांवर. म्हणून दोघांनी शेजारी बसून मागच्या तीन महिन्यांचं कॅलेंडर आणि तिकिटं चाळा, आणि पुढच्या दहा आठवड्यांत कोणत्या ठरलेल्या तारखा येतात ते पाहा. प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न लिहा: हे आज दुसऱ्या कोणाला स्वतंत्रपणे जमतं का?

मेघना यांच्या यादीत चार गोष्टी निघतात. महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी होणारं बिलिंग रन, म्हणजे या काळात 30 जून आणि 31 जुलै अशी दोन रन. ऑन-कॉलच्या दोन पाळ्या. पेमेंट सर्व्हरचं टीएलएस सर्टिफिकेट, ज्याची मुदत 16 जुलैला संपते. आणि रिफंड मॉड्यूल, ज्याचं रिलीज 17 जुलैला ठरलं आहे.

आता प्रत्येकाच्या तळाशी जा. बिलिंग रनच्या शेवटी मंजुरीसाठी एक कोड येतो आणि तो मेघना यांच्या मोबाइलवर येतो. बदली माणसाने रन अगदी बरोबर केलं तरी त्या कोडपाशी तो अडणार, आणि मग शस्त्रक्रियेच्या धावपळीत असलेल्या माणसाला रात्री फोन जाणार. सर्टिफिकेटची आठवण करून देणारे ईमेलही त्यांच्या एकट्यांच्या मेलबॉक्समध्ये येतात. 16 जुलैला त्या रजेवर असतील आणि ती आठवण कोणी वाचणारच नाही. दोन्हींवर उपाय सोपा आहे: कोडसाठी दुसऱ्या इंजिनिअरचा क्रमांक जोडणं, आठवणीचे ईमेल टीमच्या सामायिक पत्त्यावर वळवणं आणि सर्टिफिकेटचं नूतनीकरण रजेच्या आधीच करून टाकणं. पण हे एप्रिलमध्ये लक्षात आलं तरच सोपं असतं.

बदली व्यक्ती ठरवताना नाव लिहून थांबू नका. त्या व्यक्तीने ते काम रजेच्या आधी किमान एकदा स्वतःच्या हाताने केलेलं असलं पाहिजे. इथे 30 एप्रिलचं रन मेघना करतील आणि रोहन शेजारी बसून पाहतील. 29 मेचं रन रोहन करतील आणि मेघना फक्त पाहतील. 29 मेला मेघना यांना तीनदा कीबोर्ड हातात घ्यावा लागला, तर हँडओव्हर झालेलं नाही असं समजा. मग जूनच्या रनसाठी दुसरा आधार शोधा. लिहून ठेवलेली कृती कितीही नेटकी असली तरी अशी तालीम झाल्याशिवाय तिच्यातली गळलेली पायरी सापडत नाही. ज्याने ती लिहिली त्याला ती पायरी इतकी सवयीची असते की ती लिहायचीच राहून जाते.

बदली काम घेणाऱ्यांनाही आधी विचारा. त्यांच्या स्वतःच्या रजा, त्यांची सध्याची कामं, ऑन-कॉलच्या वाढणाऱ्या पाळ्या. दहा आठवड्यांच्या दहा पाळ्या पाच जणांत वाटल्या की प्रत्येकाला बरोबर दोन येतात. सहा जण असताना दोघांना एकेकच आली असती, म्हणजे जादा भार त्या दोघांवर पडतो. त्यांची संमती घेतली आहे, हे ईमेलमध्ये लिहिता आलं पाहिजे. फक्त मेघना यांची अडचण बाकीच्यांना सांगू नका. मंजुरी येईपर्यंत 'जून-जुलैत कामाची फेरवाटणी होण्याची शक्यता आहे' एवढं पुरतं.

या सगळ्यानंतर जे कोणाकडेच जात नाही, ते मागे पडणारं काम. इथे ते रिफंड मॉड्यूल आहे. त्याची नवी तारीख तुम्हीच काढा आणि ती प्रामाणिक असू द्या. मेघना 10 ऑगस्टला रुजू होऊन तीन आठवडे काम करतील असं धरलं तर 28 ऑगस्ट ही तारीख येते.

पूर्ण ईमेल

विषय: मंजुरीसाठी: मेघना यांची रजा, 1 जून ते 7 ऑगस्ट 2026, निर्णय 24 एप्रिलपर्यंत हवा

> नमस्कार मॅडम,
>
> माझ्या टीममधील सीनिअर इंजिनिअर मेघना यांनी सोमवार, 1 जून ते शुक्रवार, 7 ऑगस्ट 2026 अशा दहा आठवड्यांच्या रजेसाठी अर्ज केला आहे. ही रजा मंजूर करावी, अशी माझी शिफारस आहे. त्या सोमवार, 10 ऑगस्टला रुजू होतील. कामाचे एकूण 50 दिवस होतात. त्यांपैकी 30 जूनपर्यंतचे 22 दिवस अर्जित रजेतून आणि 1 जुलैपासूनचे 28 दिवस बिनपगारी असतील. हा हिशेब एचआरने तपासला आहे.
>
> कारण: कुटुंबातील जवळच्या व्यक्तीची शस्त्रक्रिया जूनच्या पहिल्या आठवड्यात ठरली आहे आणि नंतरच्या शुश्रूषेची जबाबदारी मेघना यांच्यावर आहे. तारीख पुढे ढकलणे शक्य नाही. कागदपत्रे त्यांनी थेट एचआरकडे दिली आहेत.
>
> कामाची व्यवस्था: 30 जून आणि 31 जुलैचे बिलिंग रन रोहन करतील. त्याआधी 29 मेचे रन ते मेघना यांच्या देखरेखीखाली स्वतः करतील. रोहन उपलब्ध नसल्यास रन मी करेन. हे काम मी पूर्वी केले आहे. पेमेंट सर्व्हरच्या सर्टिफिकेटची मुदत 16 जुलैला संपते, पण त्याचे नूतनीकरण 22 मेपर्यंतच पूर्ण करू. त्यानंतर त्याची जबाबदारी स्नेहा यांच्याकडे राहील. मेघना यांच्या ऑन-कॉलच्या दोन पाळ्या टीममधील दोघांनी संमतीने घेतल्या आहेत.
>
> काय मागे पडेल: रिफंड मॉड्यूलचे रिलीज 17 जुलैऐवजी 28 ऑगस्टला होईल. ही तारीख ग्राहकांना अद्याप कळवलेली नाही. 17 जुलै कायम ठेवायची असल्यास दुसऱ्या टीममधून एक इंजिनिअर 15 जूनपासून पाच आठवडे लागेल. त्यातील पहिले दोन आठवडे काम समजून घेण्यात जातील, म्हणून रिलीज पुढे नेणे मला अधिक योग्य वाटते.
>
> शिफारशीमागची कारणे: मेघना यांनी जवळजवळ दोन महिने आधी कळवले आहे, त्यामुळे दोन रनची तालीम शक्य होते आहे. बिलिंग आजवर एकाच व्यक्तीवर अवलंबून होते. या हँडओव्हरमुळे ते कायमचे दोघांना येईल. शस्त्रक्रियेची तारीख पक्की असल्यामुळे रजा नाकारली तरी त्यांची अनुपस्थिती टळण्याची शक्यता कमी आहे, आणि ती ऐनवेळी झाली तर बिलिंग अडेल.
>
> रजा वाढवण्याची गरज भासल्यास मेघना 24 जुलैपर्यंत कळवतील आणि त्यासाठी मी स्वतंत्र मंजुरी मागेन. या काळात त्यांना कामासाठी संपर्क करावा लागू नये, अशी व्यवस्था केली आहे.
>
> तालमीचे पहिले रन 30 एप्रिलला असल्याने रजा आणि रिलीजची नवी तारीख, या दोन्हींवर आपला निर्णय शुक्रवार, 24 एप्रिलपर्यंत मिळावा ही विनंती. आवश्यक वाटल्यास मी पंधरा मिनिटे भेटून माहिती देईन.
>
> आपला,
> (नाव), टीम लीड

यातलं काय कुठे आणि का

पहिल्या परिच्छेदात मागणी, तारखा आणि शिफारस आली आहे. डायरेक्टर असा ईमेल बरेचदा मोबाइलवर, दोन मीटिंगच्या मधे उघडतात. पडद्यावरच्या पहिल्या पाच-सहा ओळींत काय हवं ते कळलं नाही तर तो 'नंतर वाचू' म्हणून राहून जातो. मेघना किती वर्षांपासून टीममध्ये आहेत आणि त्यांचा स्वभाव कसा आहे, यापासून सुरुवात केली तर नेमका हाच तोटा होतो.

कारणाला तीनच वाक्यं दिली आहेत. आजाराचं नाव नाही, नातं नाही, रुग्णालय नाही. डायरेक्टरना निर्णयासाठी लागणारी एकच गोष्ट त्यात ठळक आहे, ती म्हणजे तारीख हलत नाही. कारण लांबवून, करुण शब्दांत लिहिलं की वाचणारा नकळत कारणाचं वजन करायला लागतो, आणि मग पुढच्या वेळी दुसऱ्या सहकाऱ्याचं कारण 'त्यामानाने हलकं' ठरतं. शिफारस नियोजनावर उभी असली तर सगळ्यांना एकच माप लागतं.

मागे पडणाऱ्या कामाचा परिच्छेद लिहिताना हात आखडतो, पण तिथेच डायरेक्टरना पर्याय मिळतो. रिलीज पुढे न्या किंवा माणूस द्या; दोन्हींची किंमत लिहिली आहे आणि तुमचं मतही दिलं आहे. ग्राहकांना तारीख कळवली आहे की नाही, हे वाक्य छोटं असलं तरी निर्णय बरेचदा त्यावरच ठरतो. तारीख आधीच कळवलेली असेल तर ते लपवू नका. ग्राहकाशी कोण बोलणार आणि कधी, ते पुढच्याच वाक्यात लिहा.

'रजा नाकारली तरी त्यांची अनुपस्थिती टळण्याची शक्यता कमी आहे' हे वाक्य जपून लिहायचं असतं. ते परिस्थितीचं वर्णन आहे, धमकी नाही. 'मंजूर झाली नाही तर त्या राजीनामा देतील' असं मात्र लिहू नका. सहकाऱ्याने ते रागाच्या भरात तुमच्याशी बोललं असेलही, पण ईमेलमध्ये ते त्यांच्या नावावर कायमचं नोंदलं जातं. माणूस टिकण्याचा मुद्दा मांडायचाच असेल तर टीमच्या माहितीवर मांडा, जसं की बिलिंग नव्या माणसाला स्वतंत्रपणे जमायला आपल्याकडे किती महिने लागले.

कामगिरीचं कौतुक इथे जवळजवळ नाहीच, आणि ते मुद्दाम टाळलं आहे. 'अत्यंत मेहनती आणि प्रामाणिक' या शब्दांनी दहा आठवड्यांच्या कामाची सोय होत नाही. शिवाय रजा हे चांगल्या कामाचं बक्षीस आहे असा अर्थ निघतो, आणि कमी गाजणाऱ्या पण तेवढीच गरज असलेल्या सहकाऱ्यावर अन्याय होतो.

'अधूनमधून घरून बघतील' हे आश्वासनही देऊ नका. त्याने डायरेक्टरना तात्पुरता दिलासा मिळतो, पण माणूस रजेवर आहे की कामावर, हे कोणालाच धड कळत नाही. बिनपगारी रजेत काम करून घेणं तर बऱ्याच ठिकाणी कायद्यात बसत नाही. खरोखरच शेवटचे काही आठवडे अर्धवेळ काम जमणार असेल तर तो काळ रजेतून वगळून वेगळा दाखवा.

पाठवण्याआधी

सहकाऱ्याने तुम्हाला लिहिलेला मूळ ईमेल फॉरवर्ड करून वर शिफारस लिहू नका. खाली जुना संवाद लटकत राहतो, आणि तुम्ही कारण कितीही मोजकं लिहिलं तरी सहा ईमेल खाली रुग्णाचं नाव आणि तपासणीचे अहवाल तसेच पडलेले असतात. डायरेक्टरांनी तो पुढे रिसोर्स मॅनेजरना धाडला की ते सगळं आणखी एकाकडे पोहोचतं. नवा ईमेल उघडा. वैद्यकीय कागद जोडू नका. फार तर कामाच्या वाटणीचं एक पान जोडा.

प्रत एचआरला द्या. सहकाऱ्याला प्रत द्यावी का, हा प्रश्न उरतो. त्यांना मजकूर आधी दाखवलेलाच असतो, त्यामुळे प्रत न देणं सोयीचं पडतं. डायरेक्टरना मोकळेपणाने प्रश्न विचारता येतात आणि सगळ्यांना उत्तर पाठवताना एखादं वाक्य सहकाऱ्याला लागण्याची भीती राहत नाही. तुमच्या आणि डायरेक्टरांच्या मध्ये मॅनेजर असतील तर आधी त्यांची संमती घ्या आणि 'यांच्याशी चर्चा झाली आहे' असं एक वाक्य घाला. त्यांना वगळून गेलेला ईमेल बहुधा त्यांच्याकडेच परत येतो.

उत्तर आल्यावर

सरळ मंजुरी आली तर ती एचआरच्या प्रणालीत त्याच तारखांनी नोंदली गेली का, ते स्वतः पाहा. ईमेलवर 'ठीक आहे' आलं आणि प्रणालीत अर्ज प्रलंबितच राहिला, तर जुलैत पगार अडकतो. 'मंजूर' या शब्दात रिलीजची नवी तारीखही आली का, हेही पाहा. नसेल तर 'रिलीज 28 ऑगस्टला, असं धरून पुढे जातो' असं लगेच लिहून कळवा, नाहीतर 17 जुलै जवळ आली की तोच प्रश्न पुन्हा तुमच्यासमोर येईल.

'सहाच आठवडे देऊ' असं उत्तर आलं तर तिथल्या तिथे होकार देऊ नका. तो निर्णय तुमच्या हातातला नाही. सहकाऱ्याला विचारा, आणि दोघांनी मिळून तोड काढता येते का पाहा. उदाहरणार्थ, पहिले सहा आठवडे पूर्ण रजा, म्हणजे 10 जुलैपर्यंत, आणि 13 जुलैपासून चार आठवडे घरून अर्धवेळ काम. असं केल्यास रोहन यांच्या 31 जुलैच्या रनला मेघना यांचा आधार मिळतो, पण पगार आणि रजेचा हिशेब बदलतो, म्हणून तो एचआरकडून पुन्हा करून घ्या. तोड निघत नसेल तर डायरेक्टरना नेमकं विचारा की अडचण कुठल्या कामाची आहे. बरेचदा त्यांच्या मनात एकच तारीख किंवा एकच ग्राहक असतो, आणि तेवढ्यापुरती व्यवस्था दाखवली की उरलेल्या चार आठवड्यांचा प्रश्न सुटतो.

उत्तरच आलं नाही तर 22 एप्रिलला त्याच ईमेलवर दोन ओळी लिहा: निर्णय 24 तारखेपर्यंत का हवा आणि 30 एप्रिलचं रन हुकलं तर काय होईल. त्यानंतरही शांतता असेल तर फोन करा, आणि फोनवर ठरलेलं त्याच दिवशी ईमेलवर लिहून पाठवा.